तिरकस फरशीचा हिशोब

बारा बाय दहा फुटांची खोली आणि दोन बाय दोनची टाइल. १२० भागिले ४, म्हणजे ३० नग. एका पेटीत ४ नग, म्हणून आठ पेट्या. दुकानात उभ्या उभ्या होणारा हा हिशोब खोलीत पोचला की कोलमडतो, आणि टाइल तिरकी बसवायची असेल तर फारच लवकर.

पहिली गफलत नावातच आहे. ‘दोन बाय दोन’ म्हणून विकली जाणारी टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना एक सेंटिमीटर कमी असते. चार टाइलच्या पेटीत १६ नव्हे, साडेपंधरा चौरस फूट फरशी भरते. त्यामुळे नुसत्या क्षेत्रफळानेच ३० ऐवजी ३१ नग लागतात. पुढे सरळ बसवणीला पाच-सात टक्के आणि तिरकसला दहा ते पंधरा टक्के जादा धरा, असे मिस्त्री सांगतात. आकडा बरोबर आहे, पण तो कशावर उभा आहे हे कागदावर एकदा मांडून पाहायला हवे.

टाइल ४५ अंशांत फिरवली की टोकापासून टोकापर्यंत, २ मिलिमीटरची सांध धरून, ती सुमारे ८५ सेंटिमीटर होते. बारा फुटांच्या भिंतीत असे सव्वाचार नग बसतात. दहा फुटांत साडेतीनच्या थोडे पुढे. खोलीच्या बरोबर मध्यावर एका टाइलचा मध्य ठेवून चौकडी आखली, तर न कापता बसणाऱ्या टाइल फक्त १७ निघतात. भिंतीलगतच्या आणखी १४ टाइलचे एकेक टोक उडवावे लागते. उरलेल्या फटींत १८ लहान त्रिकोणी तुकडे लागतात, त्यातले चार कोपऱ्यांचे.

एकूण जागा ४९ झाल्या! प्रत्येक जागेला नवी टाइल फोडली तर क्षेत्रफळाच्या दीडपटीहून जास्त माल संपेल. पण उडवलेली टोके फेकायची नसतात. आखूड भिंतींलगत कापलेली सहा टोके सुमारे ३० सेंटिमीटर खोल आहेत, आणि लांब भिंतींना २५ सेंटिमीटरचे सहा त्रिकोण हवे आहेत. लांब भिंतींकडून १८ सेंटिमीटरची आठ टोके निघतात, तर आखूड भिंतींना हवे असलेले आठ त्रिकोण जेमतेम १३ सेंटिमीटरचे. म्हणजे एकीकडचे तुकडे दुसरीकडे चपखल बसतात. कोपऱ्यांचे चार तुकडे तेवढे दोन नव्या टाइलमधून काढायचे. ३१ आणि २, एकूण ३३. तूट जेमतेम साडेसहा टक्के!

अर्थात एकही टाइल न फुटता, एकही काप न चुकता. कटर घसरतो, निमुळते टोक तुटते. म्हणून दहा-पंधरा टक्के धरणे शहाणपणाचे. खरी मेख मात्र टाइलच्या रंगरेषेत आहे. या खोलीत आखूड भिंतीचा तुकडा लांब भिंतीला लावताना काटकोनात वळवावा लागतो. साध्या एकरंगी टाइलला ते दिसत नाही, पण संगमरवरासारख्या रेघा एकाच दिशेने धावत असतील तर वळवलेला तुकडा लगेच डोळ्यांत खुपतो. रेघ जुळवायची तर लांब भिंतींचे सहा आणि कोपऱ्यांचे चार तुकडे मिळून पाच नव्या टाइल फोडाव्या लागतात. ३१ आणि ५, म्हणजे ३६. नऊ पेट्या संपतात आणि हाताशी एकही नग उरत नाही.

स्कर्टिंग तर अजून धरलेलेच नाही. भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, दाराचे तीन फूट वजा केले की ४१. एका टाइलमधून चार इंचांना जरा कमी उंचीच्या सहा पट्ट्या निघतात. २१ पट्ट्यांसाठी ४ टाइल लागतील. तिरकस कापाचे उरलेले तुकडे इथे कामाला येत नाहीत. म्हणजे एकरंगी टाइल असेल तर ३७ नग, दहा पेट्या आणि ३ नग राखीव. रेघांची असेल तर ४० नग, दहा पेट्या पुऱ्या होतात, म्हणून अकरावी घ्यावीच लागते.

हे सगळे गणित खोली काटकोनात आहे असे धरून चालते. ती तशी आहे का, हे दोन्ही कर्ण मोजून कळते. दोन्हींत दोनेक सेंटिमीटरचा फरक निघाला, तर भिंतीलगतचा प्रत्येक काप थोडा वेगळा पडतो आणि आधी कापून ठेवलेले तुकडे बसत नाहीत. म्हणून जाणता मिस्त्री सूत धरून पूर्ण टाइल आधी लावतो आणि कडेचे तुकडे जागेवर माप घेऊनच कापतो.

अकरावी पेटी आधीच घेण्याला आणखी एक कारण आहे. पेटीवर बॅच आणि शेडचा क्रमांक छापलेला असतो, आणि एकाच नावाच्या दोन बॅचमध्ये रंगात, कधी मापातही, बारीक फरक पडतो. काम सुरू झाल्यावर दोन नग कमी पडले आणि दुकानात वेगळी बॅच आली, तर ते दोन नग पलंगाखाली जातील अशी जागा शोधावी लागते.