‘रीच’ म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

दुकानाचे इन्स्टाग्राम सांभाळणारी व्यक्ती महिनाअखेरीस अहवाल पाठवते, तेव्हा दुकानदाराची नजर सर्वांत मोठ्या आकड्यावर जाते. तो बहुधा ‘व्ह्यूज’चा (पोस्ट किती वेळा पाहिली गेली) असतो. ‘रीच’ (ती किती वेगवेगळ्या खात्यांना दिसली) सहसा त्याहून कमी असतो.

दुकानाच्या पाटीचे उदाहरण घ्या. रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या एकाच माणसाने महिन्यात ती 25 वेळा पाहिली, तर व्ह्यूज 25 आणि रीच 1.

म्हणूनच प्रत्येक पोस्टच्या रीचची बेरीज म्हणजे महिन्याचा रीच नव्हे. समजा, साड्यांच्या दुकानाच्या तीन पोस्ट प्रत्येकी 1,000 खात्यांना दिसल्या. तिन्ही वेळा खाती तीच असतील, तर महिन्याचा रीच 1,000च, 3,000 नाही. अहवालातला आकडा बेरजेचा वाटला, तर ॲपमधल्या ‘इनसाइट्स’मध्ये (आकडेवारीचे पान) महिन्याच्या तारखा निवडून ताडून पाहता येतो.

रीच वाढला म्हणजे विक्री वाढली, असेही नसते. पैठणीची रील दूरच्या शहरांत गाजली, तर रीच चढतो. गल्ला तेवढाच राहतो. त्यामुळे अहवालात प्रेक्षक कोणत्या शहरातले आहेत ते पाहावे. विक्रीच्या अधिक जवळचे आकडे म्हणजे किंमत विचारणारे मेसेज आणि आलेले फोन.

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ‘आमची साडी कुठे पाहिलीत?’ असे विचारून उत्तर वहीत टिपून ठेवावे. ही माहिती कोणतेही ॲप देत नाही.