पहिला प्याला ‘त्या स्त्री’साठी

शेरलॉक होम्सच्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या. एवढ्या मजकुरावर न्यूयॉर्कचे ‘बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स’ जानेवारीत जेवायला जमतात. मंडळ ख्रिस्तोफर मॉर्ले या लेखकानं काढलं. जानेवारीच का? होम्सचा वाढदिवस म्हणे ६ जानेवारी. कोनन डॉयलनं तसं कुठंही लिहिलेलं नाही. पण ‘द व्हॅली ऑफ फिअर’मध्ये ७ जानेवारीच्या सकाळी होम्स नाश्त्याला हात लावत नाही, म्हणजे आदल्या रात्री वाढदिवसाची जरा जास्तच झाली असणार!

या जेवणातल्या टोस्टची गंमत नेमकी इथंच आहे. यजमान प्याला उंचावतो तो लेखकासाठी नाही, पात्रांसाठी. होम्सची घरमालकीण मिसेस हडसन, भाऊ मायक्रॉफ्ट, वॉटसनची दुसरी बायको, अशी नावं ठरलेली. बोलणाऱ्यानं ही माणसं खरीच होती असं धरून चालायचं आणि पुरावा फक्त कथांतून द्यायचा. नुसतं ‘होम्स किती थोर’ म्हणणाऱ्याला इथं कोणी भीक घालत नाही.

१९४१ मध्ये रेक्स स्टाउट या रहस्यकथाकारानं तर बॉम्बच टाकला. वॉटसन हा पुरुष नव्हे, बाई होती आणि तीही होम्सची बायको, असं त्यानं भर जेवणात सिद्ध करायला घेतलं. रुसवेफुगवे, टोमणे यांचे दाखले दिले. शेवटी काही कथांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून ‘आयरीन वॉटसन’ हे नाव काढून दाखवलं. श्रोते खवळले आणि खूशही झाले. उत्तरादाखल दुसऱ्यानं तितकाच गंभीर लेख लिहिला. माझ्या मते एकनिष्ठ वाचकाला याहून मोठी दाद नाही: त्याला सगळं पाठ आहे हे गृहीत धरून त्याची फिरकी घ्यायची.

पण पहिला मान असतो आयरीन अ‍ॅडलरचा. एकाच कथेत येऊन होम्सवर मात करणारी ती. होम्स तिला ‘ती स्त्री’ एवढंच म्हणतो. तिच्या नावानं एका बाईंना पेयपानाला बोलवायचे, टोस्ट द्यायचे आणि जेवणाआधी निरोप द्यायचे; कारण जेवण पुरुषांचं! १९६८ च्या जानेवारीत कॉलेजच्या काही मुली फलक घेऊन जेवणाच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या.

मंडळाचं दार बायकांना उघडलं १९९१ मध्ये. त्या वर्षी सभासद झालेल्यांत एक बाई अशा होत्या, की त्यांनी मंडळाच्या प्रवेशाचं शब्दकोडं १९३४ मध्येच अचूक सोडवून पाठवलं होतं.