क्रम अनेक, झाड एकच

शोधवृक्षात लहान आकडा डावीकडे जातो, मोठा उजवीकडे. १ ते ७ हे आकडे एकेक करून घालायचे आहेत. मुळाशी ४, त्याखाली २ आणि ६, सर्वांत खाली १, ३, ५, ७ असं समतोल झाड किती क्रमांनी तयार होईल?

४ पहिलाच हवा. डावीकडे २ आधी आला की १ आणि ३ कसेही येऊ शकतात, म्हणजे २ क्रम. उजवीकडेही तसेच २. दोन्ही बाजूंचे तीन-तीन आकडे आपापला क्रम न मोडता एकमेकांत २० प्रकारे मिसळतात. म्हणून २० × २ × २ = ८०.

एकूण क्रम ५०४०. उजवीकडेच उतरत जाणारी साखळी मात्र एकाच क्रमाने बनते: १, २, ३, ४, ५, ६, ७.