काचेवरचं वाक्य

'टाउन हॉल' म्हटलं की कोल्हापूरकरांना बागेतली ती जुनी दगडी इमारत आठवते. कंपन्यांच्या बोलीत मात्र टाउन हॉल म्हणजे साहेबांनी सगळ्या कामगार-कर्मचाऱ्यांना एकत्र बोलावून घेतलेली सभा. वर्षाचा हिशेब, नवं धोरण, कधी वाईट बातमी अशा सभेत सांगितली जाते. गेल्या काही वर्षांत अशा सभांच्या मंचावर टेलिप्रॉम्प्टर आला. बातम्या देणाऱ्यांचं हे यंत्र आता चाकणच्या कारखान्यातही दिसतं. त्यासाठी मजकूर लिहिणं हे वेगळं काम आहे, हे मला अशाच एका कारखान्यातल्या सभेत कळलं. मला तिथे फक्त मराठी तपासायला बोलावलं होतं.

आधी यंत्राबद्दल थोडं. वक्त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला बारीक दांड्यांवर दोन तिरप्या काचा असतात. प्रत्येक काचेच्या पायाशी, जमिनीवर, एक पडदा वर तोंड करून ठेवलेला असतो. त्यावर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी उमटतात आणि काचेत वक्त्याला सुलटी दिसतात. समोर बसलेल्यांना ती काच नुसती पारदर्शक दिसते, त्यामुळे साहेब आपल्याकडेच बघून बोलताहेत असं वाटतं. बाजूला लॅपटॉप घेऊन एक जण बसतो आणि वक्त्याच्या वेगाने मजकूर वर सरकवतो. वक्त्याला एका वेळी पाच-सहा ओळी दिसतात, एका ओळीत दोन-तीन शब्द. कागदावर नजर टाकली की परिच्छेद कुठे संपतो हे दिसतं. काचेवर वाक्य कुठे संपणार हेच दिसत नाही.

ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मोठ्याने वाचताना डोळा आवाजाच्या काही शब्द पुढे चालत असतो. शिकागोच्या गाय बसवेल यांनी 1920 साली यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या वाचकाचा डोळा आवाजाच्या जास्त पुढे असतो, असं त्यांना आढळलं. घरीही हे करून पाहता येतं. कुणी मोठ्याने वाचत असताना मध्येच पुस्तकावर हात ठेवा. ती व्यक्ती आणखी दोन-चार शब्द बोलेल आणि मग थांबेल. ते दोन-चार शब्द म्हणजे वाचणाऱ्याची शिल्लक. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, हे तो त्या शिलकीवर ठरवतो.

आता मराठी वाक्याकडे पाहू. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेक वेळा त्याच्याही नंतर. कार्यालयीन मराठीत तर कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये 'चा-ची-चे'ची मालगाडीच उभी असते. एवढ्या लांबच्या क्रियापदाला दोन-चार शब्दांची शिल्लक पुरत नाही. वक्ता पुढे काय येणार हे माहीत नसताना वाचत राहतो. आवाज सपाट होतो, आणि श्रोत्यांना लगेच कळतं की हा माणूस वाचतोय.

त्या दिवशी मात्र नुसत्या सपाट आवाजावर निभावलं नाही. मुख्य कार्यालयातून आलेल्या इंग्रजी मसुद्याचं भाषांतर असं होतं : "कच्च्या मालाच्या दरात झालेली वाढ व निर्यातीच्या मागणीत आलेली घट यांचा विचार करून व्यवस्थापनाने तिसऱ्या पाळीचे काम १ जानेवारीपासून तात्पुरत्या स्वरूपात स्थगित करण्याचा व त्या पाळीतील १८६ कामगारांना पहिल्या व दुसऱ्या पाळीत सामावून घेण्याचा निर्णय घेतला आहे."

मी ते तपासलं होतं. व्याकरणाची एकही चूक नव्हती, म्हणून मी बरोबर अशी खूण करून दिलं. पहिल्या पाळीच्या सभेत काचेवर त्याच वाक्याचा मधला भाग असा उमटला :

तिसऱ्या पाळीचे काम
१ जानेवारीपासून
तात्पुरत्या स्वरूपात
स्थगित करण्याचा व
त्या पाळीतील १८६
कामगारांना पहिल्या व

कारखान्याचे प्रमुख 'स्थगित करण्याचा व' इथे थांबले, कारण ओळ तिथे संपत होती. मग 'त्या पाळीतील' म्हणून ते आकड्यापाशी अडखळले. त्यांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. 'एकशे... शहा... शहाऐंशी' असं म्हणून ते पुन्हा थांबले, कारण ओळ पुन्हा संपली होती. सभेने तोपर्यंत ऐकलं होतं ते एवढंच : तिसरी पाळी बंद, एकशे शहाऐंशी जण. मागच्या रांगांमध्ये कुजबूज सुरू झाली, आणि 'सामावून घेण्याचा' हे शब्द त्या गलक्यात विरले. जेवणाच्या सुट्टीत फोन गेले. रात्रपाळी करून घरी झोपलेल्यांना उठवून सांगितलं गेलं की नोकरी गेली.

दुसऱ्या पाळीची सभा पाच वाजता होती आणि तिसऱ्या पाळीतल्यांनाही तिलाच बोलावलेलं होतं. हातात तीनेक तास होते.

आम्ही पहिलं काम केलं ते म्हणजे मसुदा बाजूला ठेवला. प्रमुखांना विचारलं, "साहेब, ही बातमी तुम्ही घरी कशी सांगाल?" ते बोलले तसं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि जसंच्या तसं उतरवून काढलं. वॉलेस चेफ या अमेरिकी भाषावैज्ञानिकांनी 1994 च्या त्यांच्या पुस्तकात दाखवलंय की माणूस बोलतो ते छोट्या छोट्या झोतांमध्ये. इंग्रजीत असा एक झोत सरासरी पाचेक शब्दांचा असतो, आणि एका झोतात साधारण एकच नवी गोष्ट मावते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे मी उतरवून काढलेल्या बोलण्यात झोत आणखी आखूड, तीन-चार शब्दांचे सापडतात. साहेबांचंही तसंच होतं. जुन्या वाक्यात दोन कारणं, एक तारीख, एक आकडा आणि दोन निर्णय इतक्या सहा नव्या गोष्टी एका क्रियापदाच्या भरवशावर टांगलेल्या होत्या.

मग त्यांच्याच बोलण्यातून नवा मजकूर बांधला :

आधी एक गोष्ट सांगतो.

कुणाचीही नोकरी
जाणार नाही.

तिसरी पाळी मात्र
एक जानेवारीपासून
थांबवतोय.

त्या पाळीत आपली
वन एटी सिक्स माणसं आहेत.

सगळ्यांना काम आहे.
कुणाला पहिली पाळी मिळेल,
कुणाला दुसरी.

ओळी यंत्राने तोडायच्या नाहीत, आपण तोडायच्या. जिथे श्वास, तिथे ओळ संपली पाहिजे. 'जाणार' आणि 'नाही' यांची ताटातूट तर कधीच होऊ द्यायची नाही. 'कुणाचीही नोकरी जाणार' इथे ओळ संपली असती तर दुपारचाच प्रकार पुन्हा झाला असता. दोन झोतांमध्ये रिकामी ओळ सोडली की वक्ता आपोआप थांबतो. 'इथे थांबा', 'हसून' असल्या सूचना मजकुरात लिहू नयेत, कारण भरात त्या मोठ्याने वाचल्या जातात.

आकडा अक्षरांत लिहायचा, आणि तोही वक्ता जसा म्हणतो तसा. मराठीत नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचं नाव स्वतंत्रपणे पाठ असावं लागतं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत भलेभले गोंधळतात. काचेवर लांबून १ आणि ९ देखील सारखे दिसू शकतात. 'वन एटी सिक्स' लिहिताना माझा हात अडला, हे कबूल करतो. पण साहेब कारखान्यात रोज तसंच म्हणतात आणि कामगारही तसंच म्हणतात. सभेपुरतं 'एकशे शहाऐंशी' म्हणायला लावलं असतं तर ते पुन्हा वाचल्यासारखंच वाटलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका सर्वनामावर. इंग्रजी मसुद्यात 'वी' होतं. मराठीत त्याचं 'आम्ही' करायचं की 'आपण'? 'आपण'मध्ये ऐकणारा येतो, 'आम्ही'मध्ये तो बाहेर राहतो. मनुष्यबळ विभागाच्या बाईंचं म्हणणं होतं की सगळीकडे 'आपण' घाला, आपुलकी वाटेल. मला ते पटेना. 'आपण तिसरी पाळी थांबवतोय' असं म्हटलं तर कामगार मनात म्हणणार, आम्हाला कुणी विचारलं होतं? शेवटी 'आपली माणसं', 'आपला कारखाना' ठेवलं आणि निर्णयाचं वाक्य आलं तिथे 'हा निर्णय आम्ही घेतला' असं लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचून पाहिलं आणि म्हणाले, "हे जड आहे, पण राहू दे."

उरलेल्या वेळात सराव. सराव फक्त वक्त्याचा नसतो, मजकूर सरकवणाऱ्या मुलाचाही असतो. 1952 च्या निवडणूक प्रचारात आयझेनहॉवर इंडियानापोलिसच्या भाषणात याच गोष्टीवर वैतागले होते. मजकूर पुढे सरकेना, आणि त्यांची चिडचिड थेट ध्वनिक्षेपकावरून लोकांना ऐकू गेली. नियम साधा आहे : यंत्राने माणसामागून जायचं. वक्ता वाचत असलेली ओळ काचेवर वरून दुसरी-तिसरी असावी, म्हणजे पुढचं थोडं दिसत राहतं. वक्ता थांबला की मजकूरही थांबला पाहिजे. आमच्या सरावात आणखी एक अडचण निघाली. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलेलं होतं, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात अडकत होते. अंतर वाढवल्यावर काचेवर एक ओळ कमी मावायला लागली, पण वाचणं सोपं झालं.

बोलल्यासारखं वाटावं म्हणून 'अं', 'म्हणजे कसंय' असले शब्द मजकुरात पेरणाऱ्यांना मी या काळात भेटलो आहे. ते लगेच उघडं पडतं. खरं बोलताना माणूस पुढचा शब्द शोधत असतो म्हणून अडखळतो. काचेवर शब्द समोरच असतो. वाक्याचा क्रम मात्र बोलण्यातला घेता येतो. 'दोन कारणं आहेत याची' असं क्रियापदानंतर एखादा शब्द ठेवणं आपण रोज करतो, फक्त लिहिताना ते खोडतो.

पाच वाजताची सभा शांतपणे झाली असं म्हणता येणार नाही. दुपारची अफवा घेऊनच लोक आले होते. 'कुणाचीही नोकरी जाणार नाही' हे वाक्य आलं तेव्हा एकाने "परत सांगा" म्हणून ओरडून सांगितलं. साहेबांनी ते परत सांगितलं. लॅपटॉपवरच्या मुलाने मजकूर हलू दिला नाही. मग तिसऱ्या पाळीतले एक जण उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "रात्रपाळीचा भत्ता जाणार का?" हे उत्तर मजकुरात नव्हतं. मुलाने काच काळी केली. साहेब म्हणाले, "जाणार. ते खरंय. रात्रपाळी नाही, तर भत्ता नाही. किती फरक पडतो, मला माहितीये. मार्चमध्ये पुन्हा बघू, पण आत्ता शब्द देत नाही."

ते उत्तरही माझ्याकडे रेकॉर्ड झालंय. मी ते उतरवून काढलं आणि संध्याकाळच्या मजकुराशेजारी ठेवून पाहिलं. ओळींची लांबी जवळजवळ सारखी निघाली. फरक एकच होता : 'शब्द देत नाही' हे त्यांना मी कधीच लिहून दिलं नसतं.