आजीचं जांभूळ

आजीच्या नावानं जांभूळ लावलं, फोटो काढला. आता खाली काय लिहायचं? ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ चौकातल्या फ्लेक्सवर रोज दिसते, तिथे आजी दिसत नाही. त्यापेक्षा तिची एखादी सवय आणि झाडाचं पुढचं वर्ष, एवढंच लिहावं:

‘जांभळं खाल्ली की आजी आमची जीभ बघायची. तिचं जांभूळ आज परसात लावलं. फळ धरेपर्यंत पाणी घालायची पाळी नातवंडांची.’

यात दुःखाचा उल्लेखही नाही, आणि तो नसावाच असं मला वाटतं. ‘फळ धरेपर्यंत’ मात्र विचार करून लिहावं: बियांपासूनचं जांभूळ 8-10 वर्षं घेतं, कलम त्याहून लवकर फळतं. खड्ड्यात रक्षा घालायची असेल तर मूठभरच, माती आणि शेणखतात नीट मिसळून. ती क्षारयुक्त असते. जास्त झाली तर कोवळ्या पानांच्या कडा करपतात.

हाच मजकूर पाटीवर हवा असेल तर पाटी खोडाला ठोकू नये, तारेनं बांधूही नये. खोड जाड होत जातं, तार सालीत रुतते आणि सालीतून मुळांकडे जाणारं अन्न अडतं. आळ्याबाहेर एक दगड रोवून त्यावर लिहिलेलं बरं.