कर्जाचा हप्ता : भाग ९
खातं बदलताना

माझ्या मावसबहिणीचा गृहकर्जाचा हप्ता गेल्या जुलैत चुकला तो 17 रुपये 70 पैशांमुळे. नाशिकची नोकरी सोडून ती पुण्यात आली. नव्या नोकरीचा पगार नव्या बँकेत जमा होऊ लागला आणि हप्ताही तिथूनच जावा म्हणून तिने 24 जूनला कर्ज देणाऱ्या गृहवित्त कंपनीकडे अर्ज दिला. जुलैचा हप्ता जुन्याच खात्यातून जाईल, असं तिला सांगण्यात आलं होतं. म्हणून जुन्या खात्यात हप्त्याचे मोजून 24,600 रुपये ठेवून बाकीची रक्कम तिने नव्या खात्यात वळवली. जूनअखेर बँकेने एसएमएसचं तिमाही शुल्क कापलं, 15 रुपये आणि त्यावरचा जीएसटी. 5 जुलैला हप्ता वसुलीला आला तेव्हा खात्यात 24,582 रुपये 30 पैसे होते. हप्ता परत गेला.

"ताई, अठरा रुपयांसाठी अख्खा हप्ता कसा परत जातो गं?" तिने फोनवर विचारलं. जातो, कारण ही वसुली अर्धवट होत नाही. पूर्ण रक्कम असेल तर कापली जाते, एक रुपया कमी असला तरी काहीच कापलं जात नाही.

पैसा कोण ओढतं, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. कर्ज एका संस्थेचं आणि खातं दुसऱ्या बँकेत असेल, तर हप्ता बहुधा 'नॅच' या व्यवस्थेतून जातो. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते. आपण सही करून किंवा नेटबँकिंगवरून जी परवानगी देतो ती म्हणजे मँडेट. त्याला एक नोंदणी क्रमांक मिळतो, यूएमआरएन. दर महिन्याला कर्जसंस्था आपल्या बँकेमार्फत या क्रमांकावर मागणी पाठवते आणि आपली बँक शिल्लक पाहून पैसे देते. म्हणजे हप्ता पाठवणारी आपली बँक नसते, तो मागणारी कर्जसंस्था असते. त्यामुळे खातेबदल सांगायचा तो कर्जसंस्थेला. पुष्कळ जण आधी जुन्या बँकेत जाऊन मँडेट रद्द करून येतात. कर्जसंस्थेच्या यादीत मात्र जुनाच क्रमांक राहतो, 5 तारखेला मागणी तिथेच जाते आणि 'मँडेट रद्द' या शेऱ्यासह परत येते. (कर्ज आणि खातं एकाच बँकेत असेल तर मात्र नॅच नसतं, बँकेला दिलेली स्थायी सूचना असते. पगाराचं खातं दुसरीकडे गेलं, की तिथे नव्याने मँडेट द्यावं लागतं.)

मँडेट नोंदलं गेलं म्हणजे काम झालं, असंही नाही. नेटबँकिंग किंवा डेबिट कार्डाने दिलेलं ई-मँडेट लवकर नोंदलं जातं. कागदी फॉर्म असेल तर सही नव्या बँकेतल्या नमुन्याशी जुळवली जाते, त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात आणि सही जुळली नाही तर फॉर्म परत येतो. त्यानंतर कर्जसंस्थेला आपल्या कर्जखात्याला नवा क्रमांक जोडावा लागतो. शिवाय 5 तारखेच्या वसुलीची यादी 5 तारखेला बनत नाही, ती काही दिवस आधीच तयार होते. ती तयार झाल्यावर आलेला बदल पुढच्या महिन्यावर जातो. माझ्या बहिणीचं तेच झालं होतं आणि ते तिला सांगितलंही होतं. म्हणून अर्ज हप्ता जाऊन गेल्यावर लगेच, सहा-सात तारखेला द्यावा. हाती जवळजवळ महिना मिळतो.

फॉर्मवरची कमाल रक्कम हप्त्यापेक्षा बरीच मोठी दिसली तर घाबरू नका. ती मर्यादा असते, मागणी हप्त्याचीच येते. उलट ती हप्त्याइतकीच लिहिली आणि व्याजदर वाढून हप्ता वाढला, तर मागणी मर्यादेबाहेर जाऊन परत येईल.

बदल खरोखर झाला की नाही, हे कळायला कर्जसंस्थेला एकच प्रश्न लेखी विचारावा: पुढच्या 5 तारखेचा हप्ता कोणत्या खात्यावर आणि कोणत्या यूएमआरएनवर वसुलीला जाणार आहे? 'तुमची विनंती नोंदवली आहे' हे त्याचं उत्तर नव्हे. आलेला क्रमांक नव्या बँकेच्या नेटबँकिंगमधल्या मँडेटच्या यादीशी ताडून पाहावा.

तरीही त्या एका महिन्यात मी दोन्ही खात्यांत हप्त्याइतके पैसे ठेवायला सांगते. कुणाला ते जड जाईल, हे मला माहीत आहे. पण महिनाभर 24,600 रुपये अडकले तरी ते आपलेच असतात. जुन्या खात्यात हप्त्यावर हजार-दोन हजार जास्त असू द्यावेत. पगार येणं थांबलं, की पगारखात्याचं पुढे साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक नसल्याचा दंडही त्यातूनच कापला जाऊ शकतो. आणि पैसे आदल्या संध्याकाळी खात्यात हवेत. मागणी सकाळीच येऊ शकते, पगार दुपारी आला तर त्याचा उपयोग नाही.

बहिणीची खरी दमछाक झाली ती हप्ता परत गेल्यानंतर. 6 जुलैला तिने घाईने कंपनीच्या अॅपवरून 24,600 रुपये भरले, पण 'अंशतः परतफेड' या रकान्यात. ते पैसे मुद्दलातून वजा झाले आणि जुलैचा हप्ता थकीतच राहिला. शिवाय हप्ता परत गेल्याचे 590 रुपये कंपनीने लावले, जुन्या बँकेने आपलं शुल्क वेगळं घेतलं. नोंद दुरुस्त करून घ्यायला तिला दोन आठवडे पत्रव्यवहार करावा लागला. हप्ता परत गेलाच, तर पैसे 'थकीत हप्ता' या रकान्यातच भरावेत. त्याआधी कंपनी तीच मागणी पुन्हा पाठवणार आहे का, हे विचारावं, नाहीतर दोनदा कापले जातील. पावतीवर महिन्याचं नाव आहे ना, तेही पाहावं.

हे सगळं लवकर करावं, याला कारण आहे. महिनाअखेरपर्यंत भरलं की कुठे नोंद होत नाही, असं पूर्वी बरेच जण धरून चालायचे. जानेवारी 2025 पासून कर्जसंस्थांना पतमाहिती कंपन्यांकडे महिन्यातून किमान दोनदा माहिती पाठवावी लागते. 5 तारखेची थकबाकी लगेच मिटवलेली बरी.

नव्या खात्यातून दोन हप्ते नीट गेले, की मग जुन्या मँडेटकडे वळावं. ते रद्द केल्याचं कर्जसंस्थेकडून लेखी घ्यावं आणि जुन्या बँकेच्या यादीतून ते गेलं का, पाहावं. कर्ज घेताना जुन्या खात्याचे कोरे किंवा तारीख न घातलेले धनादेश तारण म्हणून दिले असतील, तर नवे देऊन ते परत मागावेत. बंद खात्याचा धनादेश वटवायला गेला, तर प्रकरण कलम 138 पर्यंत जाऊ शकतं. त्या खात्यावरचे विम्याचे हप्ते, एसआयपी, वीजबिल यांचंही पाहून घ्यावं आणि मगच खातं बंद करण्याचा अर्ज द्यावा. बहिणीने तिचं खातं ऑक्टोबरमध्ये बंद केलं, तारण म्हणून दिलेले चारही धनादेश हातात आल्यावर.