निबंधाच्या शेवटच्या दोन नोंदी
समजा, पुण्यातल्या एका संशोधक विद्यार्थिनीला सीएसआयआरची फेलोशिप आहे. निबंधाच्या अर्थसाहाय्याच्या नोंदीत तिने संस्थेचं पूर्ण नाव, अनुदान क्रमांक आणि पैसे कोणत्या लेखकाला मिळाले ते लिहायचं. अभ्यासाची आखणी, विश्लेषण किंवा प्रसिद्धीचा निर्णय यांत पैसे देणाऱ्याचा हात होता का, हेही बरीच नियतकालिकं विचारतात. औषध कंपनीचा पैसा असेल तर वाचकाला हे कळायलाच हवं. नुसतेच नमुने मोजून देणारा तंत्रज्ञ किंवा भाषा तपासणारा मित्र लेखक ठरत नाही. त्याचं नाव आणि काम आभारात येतं. मात्र त्याची लेखी संमती आधी घ्यावी, कारण नाव छापलं की निष्कर्ष त्याला मान्य आहेत असा वाचकाचा समज होऊ शकतो.